दर आवर्तनाला २ टक्के घट: ५० आवर्तनांनंतर आयाम किती, ऊर्जा किती?

प्रश्न: एका लंबकाचा आयाम दर आवर्तनाला २ टक्क्यांनी घटतो. ५० आवर्तनांनंतर किती आयाम आणि किती ऊर्जा उरेल? मी ५० × २ = १०० टक्के धरून दोन्ही शून्य काढलं. पुस्तकात उत्तर अनुक्रमे ३६ टक्के आणि १३ टक्के दिलंय. माझं कुठे चुकलं?

उत्तर:

तुमचा गुणाकार बरोबर आहे. चुकलं ते "दोन टक्के कशाचे" हे ठरवण्यात. तुम्ही प्रत्येक वेळी सुरुवातीच्या आयामाचे दोन टक्के वजा केलेत. गणितात अभिप्रेत आहे ते त्या त्या आवर्तनाच्या सुरुवातीला जो आयाम होता त्याचे दोन टक्के. सुरुवातीचा आयाम १० सेंमी असेल तर पहिल्या आवर्तनात २ मिमी जातात, पण आयाम ५ सेंमीवर आल्यावर एका आवर्तनात फक्त १ मिमी जातो. घट स्वतःच घटत जाते, म्हणून शून्य कधी येत नाही.

म्हणजे इथे वजाबाकी करायची नाही, गुणत जायचं. दर आवर्तनाला आयाम ०.९८ पट होतो, तर ५० आवर्तनांनंतर

A = A₀ × (०.९८)^५० = ०.३६४ A₀

ऊर्जा आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून

E = E₀ × (०.९८)^१०० = ०.१३३ E₀

पुस्तकातले ३६ आणि १३ टक्के ते हेच. उत्तर म्हणून एवढं पुरेसं आहे. पण तुमचं शून्य हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण ते एका वेगळ्या, अगदी खऱ्या लंबकाचं बरोबर उत्तर आहे. त्याकडे येतोच. त्याआधी ऊर्जेचा हिशेब नीट पाहू, कारण जास्तीत जास्त मुलं तिथेच अडखळतात.

लंबक १ मीटर लांबीचा आणि गोळा २०० ग्रॅमचा घ्या. गोळा १० सेंमी बाजूला ओढला की तो किती वर उचलला जातो? लहान कोनासाठी उंची A²/२L, म्हणजे ०.०१ भागिले २, अर्थात ५ मिमी. एवढीशी उंची, आणि लंबकाची सगळी ऊर्जा तिच्यात: ०.२ × ९.८ × ०.००५ = ०.००९८ जूल. ५० आवर्तनांनंतर आयाम ३.६४ सेंमी उरतो. आता गोळा टोकाला किती वर जातो? तेच सूत्र वापरलं तर जेमतेम ०.६६ मिमी. बाजूला पाहिलं तर गोळा अजून चांगला तीन-साडेतीन सेंमी हलताना दिसतो, पण उंचीकडे पाहिलं तर सुरुवातीच्या जवळपास आठव्या हिश्श्यावर आलेला असतो. "आयाम ३६ टक्के असताना ऊर्जा १३ टक्केच कशी?" असं ज्यांना वाटतं त्यांनी ही उंची डोळ्यांसमोर आणावी. सरकणं एका हिशेबाने कमी होतं, उचललं जाणं त्याच्या वर्गाने.

एका आवर्तनात ऊर्जा किती जाते? ०.९८ चा वर्ग ०.९६०४, म्हणजे ३.९६ टक्के. तोंडी हिशेबात आपण "दुप्पट, म्हणजे ४ टक्के" म्हणतो आणि घट लहान असेल तर ते चालतं: ०.९६ चा ५० वा घात १३.० टक्के येतो, खरं उत्तर १३.३ टक्के. पण ही सवय मोठ्या घटीला नेऊ नका. आयाम दर आवर्तनाला एक-तृतीयांशाने घटत असेल तर दुप्पट करून दोन-तृतीयांश ऊर्जा गेली असं लिहिणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात आयाम २/३ उरतो, ऊर्जा ४/९ उरते, म्हणजे जाते ती ५/९. नेहमी आधी "किती उरलं" ते लिहा, त्याचा वर्ग करा, आणि "किती गेलं" हे सर्वात शेवटी १ मधून वजा करून काढा. या क्रमाने गेलात तर चूक व्हायला जागाच राहत नाही.

आणखी एक गोष्ट. ऊर्जेची तुलना टोकाशी टोकाची करायची. एका आवर्तनाच्या आत ऊर्जा एकसारखी गळत नाही. गोळा मधून जाताना वेग सर्वात जास्त असतो आणि तिथेच विरोध सर्वाधिक ऊर्जा खातो. टोकाला तो क्षणभर थांबतो तेव्हा काहीच जात नाही. म्हणून "साडेसात आवर्तनांनंतर" अशा प्रश्नात घातांक ७.५ घेणं बरोबर आहे, कारण तिथेही गोळा टोकालाच असतो. मधल्या एखाद्या क्षणासाठी मात्र हे सूत्र फक्त अंदाज देतं.

आता तुमच्या शून्याकडे. प्रमाण दर वेळी तेच राहावं, म्हणजे १० सेंमीलाही २ टक्के आणि ४ सेंमीलाही २ टक्केच जावेत, हा काही निसर्गाचा सार्वत्रिक नियम नाही. ते विरोध कोणत्या जातीचा आहे यावर ठरतं. हे समजायला समीकरण सोडवावं लागत नाही. मनात आयाम दुप्पट करा आणि काय काय किती पट होतं ते पाहा.

विरोध वेगाच्या प्रमाणात असेल तर: आयाम दुप्पट केला की प्रत्येक ठिकाणी वेग दुप्पट, म्हणून विरोधाचं बल दुप्पट. अंतरही दुप्पट. बल गुणिले अंतर, म्हणजे एका आवर्तनात खाल्ली जाणारी ऊर्जा चौपट. पण लंबकाजवळची ऊर्जाही चौपटच झाली आहे. म्हणून गेलेल्या ऊर्जेचा हिस्सा तोच राहतो. "दर आवर्तनाला इतके टक्के" हे वाक्य याच एका जातीला लागू पडतं, आणि पुस्तकातलं e^(−bt/२m) हे सूत्रही याच जातीचं.

विरोध कोरड्या घर्षणाचा असेल तर बल वेगावर अवलंबून नसतं. आयाम दुप्पट केला तरी बल तेवढंच, अंतर दुप्पट, म्हणून खाल्लेली ऊर्जा दुप्पट. जवळची ऊर्जा चौपट. म्हणजे मोठ्या आयामाला हिस्सा निम्मा, आणि उलट बाजूने पाहिलं तर आयाम निम्मा झाला की हिस्सा दुप्पट. १० सेंमीला २ टक्के जात असतील तर ५ सेंमीला ४ टक्के जातात. दोन्ही वेळा जातात ते २ मिमीच! इथे आयाम दर आवर्तनाला ठरावीक अंतराने कमी होतो आणि ५० आवर्तनांत खरोखरच संपतो. तुमचं उत्तर या लंबकाचं होतं. (स्प्रिंगला बांधलेला ठोकळा टेबलावर घासत हलत असेल तर ही ठरावीक घट 4f/k इतकी असते. f म्हणजे घर्षणबल, k म्हणजे स्प्रिंगचा स्थिरांक. अर्ध्या आवर्तनात स्प्रिंगची ऊर्जा जितकी कमी होते तितकं घर्षणाचं कार्य, एवढं मांडलं की दोन ओळींत 2f/k येतं, आणि पूर्ण आवर्तनाला त्याच्या दुप्पट.)

तिसरी जात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणातला विरोध. हवेत मोठा, हलका चेंडू जोरात झुलवला, किंवा स्प्रिंगवरच्या वजनाला पुठ्ठ्याची चकती लावली, की हा पुढे येतो. आयाम दुप्पट केला की बल चौपट, अंतर दुप्पट, खाल्लेली ऊर्जा आठपट, जवळची चौपट. हिस्सा दुप्पट झाला. म्हणजे १० सेंमीला २ टक्के असेल तर ५ सेंमीला १ टक्काच. घट लवकर मंदावते. इथे १/A ही राशी दर आवर्तनाला तेवढ्याच ठरावीक संख्येने वाढते, आणि त्या हिशेबाने ५० आवर्तनांनंतर सुमारे ४९.५ टक्के आयाम उरतो.

पहिल्या आवर्तनात तिन्ही लंबकांचा आयाम दोनच टक्के घटला. पन्नासाव्या आवर्तनाला एकाकडे काहीच नाही, एकाकडे ३६ टक्के, एकाकडे जवळजवळ निम्मा. म्हणून प्रश्न वाचताना "पहिल्या आवर्तनात २ टक्के घटला" आणि "दर आवर्तनाला २ टक्के घटतो" यांतला फरक जपा. दुसऱ्या वाक्यात विरोधाची जात सांगितलेली आहे, पहिल्यात नाही.

प्रत्यक्ष प्रयोगात जात कशी ओळखायची? दर दहा आवर्तनांनी आयाम नोंदवा आणि लागोपाठच्या नोंदींचं गुणोत्तर काढा. वेगाच्या प्रमाणातल्या विरोधाला मिलिमीटरपर्यंतच्या नोंदी अशा येतील: १०.०, ८.२, ६.७, ५.५, ४.५, ३.६ सेंमी. गुणोत्तरं ०.८२, ०.८२, ०.८२, ०.८२, ०.८०. शेवटचं जरा कमी दिसतं, पण ३.६४ चं ३.६ आणि ४.४६ चं ४.५ झालंय त्याचा तो परिणाम आहे. कोरड्या घर्षणाला १०, ८, ६, ४, २ येतील आणि गुणोत्तरं ०.८०, ०.७५, ०.६७, ०.५० अशी घसरत जातील. वेगवर्गाच्या विरोधाला १०.०, ८.३, ७.१, ६.२, ५.५ येतील, गुणोत्तरं ०.८३, ०.८६, ०.८७, ०.८९ अशी चढत जातील. स्थिर, घसरतं की चढतं, एवढंच पाहायचं. आलेखाची आवड असेल तर आयामाचा लॉग आवर्तनसंख्येसमोर मांडा. सरळ रेषा आली तरच टक्केवारीचं गणित वापरा.

प्रयोगशाळेत मी कित्येक वर्षं हे करून घेतो आहे आणि घसरती गुणोत्तरं दिसली की आधी टांगणीकडे बघतो. दोरा आकड्याला नुसता गुंडाळलेला असला की गाठ प्रत्येक झोक्याला घासते. बुचाचे दोन भाग करून त्यांच्या मधोमध दोरा घट्ट धरला, म्हणजे तो बुचाच्या कडेशी फक्त वाकतो, की तोच लंबक बऱ्याचदा सरळ रेषेवर येतो. चढती गुणोत्तरं दिसली तर लगेच हवेला दोष देऊ नका. आधी मोजपट्टीवरची मध्यखूण तपासा. खूण ५ मिमी सरकलेली असेल आणि तुम्ही एकाच बाजूची टोकं वाचत असाल, तर प्रत्येक नोंदीत तेच ५ मिमी जास्तीचे येतात. सुरुवातीला १० सेंमीत ते खपून जातात. पण शंभराव्या आवर्तनाला खरा आयाम १.३ सेंमी असताना तुमची नोंद १.८ येते आणि गुणोत्तर ०.८२ वरून ०.८७ कडे सरकतं. दोन्ही बाजूंची टोकं वाचून त्यांच्यातल्या अंतराचं निम्मं घेतलं की ही चूक आपोआप निघून जाते. मी तर एका बाजूची नोंद असलेली वही परत देतो.

मोजणीबद्दलही सांगतो. गोळा सोडला तो क्षण "शून्य". पुष्कळ जण सोडतानाच "एक" म्हणतात आणि पन्नास मोजून एकोणपन्नासच आवर्तनं करतात. तेवढ्याने आयामात २ टक्क्यांची आणि ऊर्जेत ४ टक्क्यांची चूक शिरते. तसंच, डावीकडून उजवीकडे हे अर्धंच आवर्तन. प्रश्नात "प्रत्येक झोक्याला" असा शब्द असेल आणि त्याचा अर्थ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असा असेल, तर ५० पूर्ण आवर्तनांसाठी घातांक १०० घ्यावा लागेल.

आता घात काढण्याची पद्धत. कॅल्क्युलेटर असेल तर प्रश्नच नाही. लॉगच्या तक्त्याने काढताना मात्र एक खड्डा आहे. चार अंकी तक्त्यात ०.९८ चा लॉग −०.००८८ मिळतो. त्याला ५० ने गुणलं की −०.४४, आणि प्रतिलॉग ०.३६३१. खरं उत्तर ०.३६४२. लॉग −०.००८७७ आहे, आणि शेवटच्या अंकाची छोटी काटछाट ५० पट होऊन उत्तरात येते. तुमचं उत्तर पुस्तकापेक्षा तिसऱ्या अंकात वेगळं आलं तर कारण बहुधा हेच असतं.

तोंडी अंदाजासाठी मी e वापरतो. आवर्तनं आणि घटीचा भाग यांचा गुणाकार करा: ५० × ०.०२ = १. मग आयाम सुमारे e^(−१), म्हणजे ०.३६८, आणि ऊर्जा e^(−२), म्हणजे ०.१३५. आयामाच्या उत्तरात फरक १ टक्क्याचा. आणि पाहा, तुम्ही काढलेला गुणाकार इथे कामाला येतो: "१०० टक्के" आला म्हणजे आयाम साधारण एक-तृतीयांशापेक्षा थोडा जास्त उरला, असं वाचायचं. हा अंदाज घट लहान असतानाच वापरा. दर आवर्तनाला १० टक्के घट असेल तर १० आवर्तनांनंतर खरा आयाम ०.३४९ आणि अंदाज तोच ०.३६८, म्हणजे चूक ५ टक्क्यांवर जाते.

उलटा प्रश्नही हमखास येतो: किती आवर्तनांनी आयाम निम्मा होईल? ०.६९३ ला ०.०२०२ ने भागा (हा ०.९८ च्या नैसर्गिक लॉगचा आकडा, चिन्ह सोडून). ३४.३ येतं. ३४ व्या आवर्तनाला आयाम ५०.३ टक्के असतो, ३५ व्याला ४९.३ टक्के, तेव्हा "निम्म्याहून कमी पहिल्यांदा कधी" याचं उत्तर ३५. ऊर्जा निम्मी व्हायला याच्या अर्धी, सुमारे १७ आवर्तनं पुरतात. आवर्तकाळ २ सेकंद धरला, आणि १ मीटरच्या लंबकाचा तो जवळपास तेवढाच असतो, तर साधारण ३४ सेकंदांत ऊर्जा निम्मी आणि ६९ सेकंदांत आयाम निम्मा. अवमंदनामुळे आवर्तकाळ बदलतो का, असं विचाराल तर बदलतो, पण इतक्या हलक्या अवमंदनाला तो बदल एक लाखात एक भागापेक्षाही कमी आहे. घड्याळ हातात धरून तो दिसायचा नाही.

"२ टक्के" हा आकडा मोजायचा कसा, तेही यातूनच निघतं. एका आवर्तनात १० सेंमीचे ९.८ सेंमी झाले हे पट्टीवर वाचून टक्केवारी ठरवू नका. २ मिमीच्या फरकात पाव मिमीची चूक सहज होते. खरी घट १.९ टक्के असेल तर ५० आवर्तनांनंतर आयाम ३८.३ टक्के उरतो, २.१ टक्के असेल तर ३४.६ टक्के. ऊर्जेत तर १४.७ आणि १२.० टक्के इतका फरक पडतो. म्हणून उलट दिशेने जा: ५० आवर्तनं होऊ द्या, तेव्हाचा आयाम वाचा, सुरुवातीच्या आयामाने भागा आणि ५० वं मूळ काढा. ३.६४ ऐवजी ३.६ वाचलंत तरी दर आवर्तनाची घट २.०२ टक्के येते. लांब अंतरावर मोजलं की वाचनातली चूक पन्नास आवर्तनांत वाटली जाते.

हे सूत्र कुठवर ओढायचं यालाही मर्यादा आहे. कागदावर आयाम कधीच शून्य होत नाही. पण १० सेंमीचा १ मिमी व्हायला याच हिशेबाने २२८ आवर्तनं लागतात, आणि तेव्हा ऊर्जा सुरुवातीच्या दहा हजारांश भागावर आलेली असते. इथे पट्टीवर काही वाचता येत नाही, खोलीतली हवेची झुळूकही गोळ्याला तेवढं हलवू शकते, आणि टांगणीत थोडं जरी कोरडं घर्षण असेल तर लहान आयामाला त्याचाच हिस्सा मोठा होत जाऊन गोळा थांबतो. माझ्याकडे लॉगचा आलेख सुरुवातीच्या आयामाच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे साधारण ११४ आवर्तनांपर्यंतच काढायचा असतो. त्यापुढची रेषा खाली वाकलेली दिसली तर तो टांगणीतल्या घर्षणाचा परिणाम असतो, आणि ते बिंदू धरून काढलेली टक्केवारी मी ग्राह्य धरत नाही.